घर सोडण्याची नोटीस आणि डिपॉझिटची तारीख: घरमालकाला ईमेल कसा लिहावा

भाड्याचं घर सोडताना बहुतेक वाद डिपॉझिटवरून होतात. ते मिळणार की नाही यापेक्षा कधी मिळणार आणि किती कापून मिळणार, यावरच जास्त खटके उडतात. घरमालक म्हणतो, "देतो की, नवीन भाडेकरू येऊ द्या." भाडेकरू चाव्या देऊन मोकळा झालेला असतो आणि नव्या घराचं डिपॉझिट त्याने कुठून तरी उसनवारी करून भरलेलं असतं. मग महिनाभर फोन, दोन महिने मेसेज, आणि शेवटी जे हाती पडेल ते घेऊन गप्प बसायचं.

यातला बराचसा त्रास एका नीट लिहिलेल्या ईमेलने टळतो. हा ईमेल दोन कामं करतो. नोटीस नेमकी कोणत्या दिवशी दिली हे तो कायमचं नोंदवून ठेवतो, आणि डिपॉझिट परतीची तारीख चाव्या देण्याआधीच घरमालकाकडून लेखी घेतो. हे दुसरं काम लोक विसरतात, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं आहे.

समजायला सोपं जावं म्हणून पुण्यातलं एक नेहमीचं उदाहरण घेऊ. कर्वेनगरमधला टू बीएचके फ्लॅट, भाडं महिना २४,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००. अकरा महिन्यांचा ऑनलाइन नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स करार, १ डिसेंबर २०२५ ते ३१ ऑक्टोबर २०२६. लॉक-इन सहा महिन्यांचा, म्हणजे ३१ मे २०२६ पर्यंत. नोटीस एक महिन्याची. घरमालक काका नाशिकला राहतात आणि फ्लॅट त्यांच्या व काकूंच्या नावावर आहे. भाडेकरू जोडप्यातल्या एकाची नागपूरला बदली झाली आहे आणि त्यांना ३१ जुलैला घर सोडायचं आहे. घर रिकामं करणं आणि मुलाची नवी शाळा या धावपळीत ईमेल करायला वेळ कुठे, असं त्यांना वाटणं साहजिक आहे. पण हा ईमेल लिहायला अर्धा तास लागतो आणि त्यावर ७५,००० रुपये अवलंबून असतात.

आधी करार काढून वाचा

ईमेल लिहायला बसण्याआधी कराराची पीडीएफ उघडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार लेखी लायसन्स करारात जे लिहिलं आहे तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे करारात नोटीस एक महिन्याची लिहिली असेल, तर "एजंटने पंधरा दिवस सांगितले होते" या म्हणण्याला फारशी किंमत उरत नाही.

वाचायची कलमं मोजकीच आहेत. पहिलं लॉक-इनचं. त्या मुदतीत घर सोडलं तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं मागण्याचा अधिकार बऱ्याच करारांत घरमालकाला दिलेला असतो. आपल्या उदाहरणात लॉक-इन मेमध्येच संपलाय, त्यामुळे तो प्रश्न नाही. दुसरं नोटिशीचं: किती दिवसांची आणि कशी द्यायची. बहुतेक करारांत ती लेखी द्यायची असते, त्यामुळे फोनवर सांगितलेलं किंवा एजंटच्या कानावर घातलेलं नोटिशीत धरलं जात नाही. तिसरं डिपॉझिटचं. ऑनलाइन नोंदणीच्या ठरावीक मसुद्यात साधारणपणे असं असतं की अनामत रक्कम बिनव्याजी आहे आणि जागा सोडताना ती परत करायची आहे. ही शब्दयोजना भाडेकरूच्या फार उपयोगाची आहे. "नवीन भाडेकरू आल्यावर" असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. पण एखाद्या करारात "ताबा दिल्यापासून तीस दिवसांत" असं लिहिलेलं असेल, तर तीच मुदत धरून चालावं लागेल. चौथं कलम रंगकाम आणि दुरुस्तीचं. त्याकडे पुढे येऊ.

करार नोंदवलेलाच नसेल, नुसता नोटरी करून ठेवला असेल तर? अशा घरांत राहणारे पुष्कळ आहेत आणि "आपल्या हातात काहीच नाही" असं समजून ते घाबरलेले असतात. खरं तर याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. नोंदणी न करणाऱ्या घरमालकाला शिक्षेची तरतूदही आहे. म्हणून अशा वेळी ईमेलमध्ये अटी स्वच्छ शब्दांत लिहून टाकणं आणखीच गरजेचं ठरतं: भाडं किती, डिपॉझिट किती, ते कोणत्या तारखेला कोणत्या खात्यातून दिलं.

तारखेचं गणित

महिन्याची नोटीस म्हणजे दिनदर्शिकेतला महिना. २६ जूनला नोटीस पोचली तर महिना २६ जुलैला पुरा होतो. त्यामुळे ३१ जुलैला घर सोडायला काहीच अडचण नाही, उलट चार-पाच दिवस हाताशी राहतात. याच जोडप्याने आळस करून ५ जुलैला लिहिलं असतं तर महिना ५ ऑगस्टला भरला असता. ३१ जुलैला चाव्या दिल्या तरी पाच दिवसांचं भाडं, सुमारे ३,८७० रुपये, कापायला घरमालकाला कारण मिळालं असतं. शक्यतो महिनाअखेरीस घर सोडावं असं मी सुचवेन. भाडं महिन्याच्या हिशेबाने ठरलेलं असतं, आणि मधल्याच तारखेला सोडलं की उरलेल्या दिवसांवरून वेगळा वाद सुरू होतो.

नोटीस "पोचली" कधी असं धरायचं? माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४ मुळे कायद्याला जिथे लेखी मजकूर हवा असतो तिथे इलेक्ट्रॉनिक नोंदही चालते. याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पोचण्याची वेळ कशी ठरवायची ते सांगितलं आहे. समोरच्याने यासाठी एखादा ईमेल पत्ता ठरवून दिला असेल, तर मेल त्या पत्त्यावर जाऊन पडला तीच पोचण्याची वेळ. पण ठरवून दिलेला पत्ता सोडून तुम्ही दुसऱ्याच पत्त्यावर पाठवला, तर तो त्यांनी उघडला तेव्हा पोचला असं धरतात. म्हणून करारात ईमेल पत्ता छापलेला असेल तर अक्षरन् अक्षर तोच वापरा. करारात पत्ता नसेल, किंवा नोटीस टपालाने द्यायची असं लिहिलं असेल, तर त्याच मजकुराची सही केलेली प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही पाठवा. शंभर रुपयांच्या आत काम होतं आणि "मी ईमेल बघतच नाही" हे उत्तर संपतं. व्हॉट्सअपवर "काका, ईमेल पाठवला आहे, कृपया पाहावा" असा निरोप टाका. तोही पुराव्याला जोड म्हणून राहतो.

करारावर दोन मालकांची नावं असतील तर ईमेल दोघांच्या नावे लिहा. काका "हो" म्हणाले आणि काकूंनी "मला माहीत नाही" म्हटलं, असं व्हायला नको.

ईमेलचा मजकूर

आता प्रत्यक्ष पत्र. करार इंग्रजीत असला आणि घरमालकाला मराठी वाचता येत असेल, तर मराठीत लिहायला हरकत नाही. लहान ठेवा, तारखा आणि रकमा मात्र पूर्ण लिहा.

विषय: फ्लॅट ५०४ सोडण्याची एक महिन्याची नोटीस (ताबा ३१ जुलै २०२६) आणि डिपॉझिट परतीची तारीख

> आदरणीय काका आणि काकू,
>
> नमस्कार. १ डिसेंबर २०२५ ते ३१ ऑक्टोबर २०२६ या मुदतीच्या आपल्या लीव्ह अँड लायसन्स करारानुसार आम्ही कर्वेनगर येथील बी विंग, फ्लॅट ५०४ मध्ये राहत आहोत. नोकरीतील बदलीमुळे आम्हाला हे घर सोडावे लागत आहे. करारातील नोटिशीच्या कलमानुसार ही एक महिन्याची लेखी नोटीस आज, २६ जून २०२६ रोजी देत आहोत. लॉक-इनची मुदत ३१ मे २०२६ रोजी संपली आहे.
>
> आम्ही शुक्रवार, ३१ जुलै २०२६ रोजी सायंकाळी घर रिकामे करून सर्व चाव्यांसह ताबा देऊ. जून महिन्याचे भाडे दिलेले आहे. जुलैचे भाडे नेहमीप्रमाणे ५ तारखेपर्यंत जमा करू.
>
> करारावेळी आम्ही ७५,००० रुपये अनामत रक्कम बँकेतून आपल्या खात्यात भरली होती. करारानुसार ती जागा सोडताना परत करायची आहे. त्यामुळे ३१ जुलै रोजी ताबा देतेवेळी ती आमच्या त्याच खात्यात जमा करावी, ही विनंती. काही कपात करायची असल्यास बाब आणि रक्कम २८ जुलैपर्यंत लेखी कळवावी, म्हणजे ताब्याच्या दिवशी हिशेब पूर्ण होईल.
>
> घर पाहण्यासाठी शनिवार, २५ जुलै रोजी आपण किंवा आपल्या वतीने कोणी येऊ शकल्यास बरे होईल. नवीन भाडेकरूंना घर दाखवायचे असल्यास आदल्या दिवशी कळवावे, आम्ही घर उघडून देऊ.
>
> ही नोटीस मिळाल्याचे आणि डिपॉझिट कोणत्या तारखेला मिळेल हे या ईमेलला उत्तर देऊन ५ जुलैपर्यंत कळवावे.
>
> आपला स्नेह नेहमीच लाभला, त्याबद्दल मनापासून आभार.

खाली दोघांची नावं, मोबाइल क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील.

या पत्रातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. "लवकरात लवकर परत करावे" असं कुठेही म्हटलेलं नाही, कारण त्याला मुदत नसते. तारीख भाडेकरूने स्वतः सुचवली आहे, आणि ती ताब्याच्या दिवसाला बांधली आहे. घरमालकाला ती जमत नसेल तर त्यांना दुसरी तारीख सुचवावी लागेल, आणि तीसुद्धा लेखी सुचवली गेली तर भाडेकरूचं काम झालंच. कपातीसाठी वेगळी तारीख दिली आहे, कारण कपातीचा विषय चाव्या दिल्यानंतर निघाला तर भाडेकरूकडे घरात जाऊन दाखवायला काही उरत नाही. नवीन भाडेकरूला घर दाखवायची तयारीही पत्रात आहे. हे केवळ सौजन्य नाही. घर लवकर लागलं तर घरमालकाच्या हाती नवं डिपॉझिट येतं आणि तुमचं देणं त्यांना सोपं जातं. पुष्कळ घरमालकांनी आधीचं डिपॉझिट कधीच खर्च करून टाकलेलं असतं, ही वस्तुस्थिती ओळखून वागलेलं बरं.

कारण एका ओळीत पुरे. बदलीचं पत्र जोडायची गरज नाही, घराबद्दलच्या तक्रारीही इथे नकोत. गळक्या नळाचा राग नोटिशीत काढला की उत्तर नळाबद्दल येतं आणि तारखेचा प्रश्न बाजूला राहतो.

शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करावं का?

हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. डिपॉझिट अडकण्याची भीती असली की जुलैचं भाडं न भरता "त्यातून कापून घ्या" म्हणणं सोयीचं वाटतं. घरमालकाने ईमेलवर "चालेल" लिहिलं तर खुशाल करा. दोघांच्याही सोयीचं असतं ते. पण त्यांच्या संमतीशिवाय भाडं थांबवू नका. करारात भाडं वेळेवर न देणं हा अटींचा भंग असतो आणि त्यावरून लायसन्स रद्द करण्याचा अधिकार घरमालकाला मिळतो. आतापर्यंत तुमची बाजू स्वच्छ होती. भाडं थांबवल्यावर ती तशी राहत नाही, आणि पुढे वाद वाढला तर पहिलं बोट तुमच्याकडेच दाखवलं जातं.

"डिपॉझिट देत नाही तोवर घर सोडत नाही" हा दुसरा मोह. त्यातही धोका आहे. कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. आपल्या उदाहरणात तो दर महिना ४८,००० होतो. शिवाय नोटिशीत सांगितलेल्या तारखेनंतर राहिल्यास रोजचा दंड अनेक करारांत वेगळा लिहिलेला असतो. काही करारांत मात्र डिपॉझिट परत मिळेपर्यंत भाडं न देता राहण्याची मुभा लिहिलेली असते. ती तुमच्या करारात आहे का, हे वाचून मगच तसा विचार करा.

मग दबाव आणायचा तरी कशाचा? ताबा आणि पैसे यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत होण्याचा. घरमालकांनी मोबाइलवरून रक्कम पाठवायची, ती तुमच्या खात्यात दिसली की चाव्या आणि ताबापावती द्यायची. रक्कम मोठी असेल तर बँकेची दैनंदिन मर्यादा किंवा नव्याने जोडलेल्या खात्यावरची मर्यादा आड येते आणि ऐनवेळी "आज जात नाहीये" असं होतं. हे कारण बरेचदा खरंही असतं. म्हणून खात्याचा तपशील महिनाभर आधी द्यायचा आणि २८ जुलैच्या सुमारास "काका, खातं जोडून ठेवलंत ना?" अशी आठवण करायची.

कपात: कशाची योग्य, कशाची नाही

२५ जुलैला घर पाहणीसाठी कोणी येवो न येवो, तुम्ही स्वतः प्रत्येक खोलीचं चित्रीकरण करा. भिंती, खिडक्या, नळ, गीझर, स्वयंपाकघराचा ओटा, वीज मीटर. घर घेताना काढलेले फोटो असतील तर ते शोधून ठेवा.

वीजबिलाचा हिशेब असा करता येतो. महावितरणचं शेवटचं बिल १४ जुलैच्या रीडिंगचं आहे असं समजा, रीडिंग ८,४२१. त्या बिलात १४० युनिटचे १,२६० रुपये आले, म्हणजे सगळे आकार धरून युनिटमागे सुमारे नऊ रुपये. ३१ जुलैला मीटरवर ८,५०१ दिसतं. मधले ८० युनिट, सुमारे ७२० रुपये. युनिटचे दर वापराच्या टप्प्यांनुसार बदलतात, त्यामुळे हा आकडा अंदाजाचा आहे. पण "पुढचं बिल येईपर्यंत डिपॉझिट थांबवतो" या म्हणण्याला तो पुरेसं उत्तर आहे. मीटरचा फोटो ईमेलला जोडा आणि ७२० रुपये कापायला लेखी संमती द्या. १४ जुलैपर्यंतचं बिल मात्र स्वतः भरून त्याची पावती जोडा. पाइप गॅस असेल तर त्याचं मीटर आणि बिल याच पद्धतीने. सोसायटी सामान नेण्यासाठी काही शुल्क घेत असेल तर तेही ऑफिसमध्ये आधीच विचारून ठेवावं.

खरा वाद रंगावरून पेटतो. भाडेकरारात साधारणपणे असं असतं की नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून घर होतं त्या स्थितीत परत द्यायचं. सोफ्यामागे भिंत थोडी मळणं, उन्हाने रंग फिका पडणं, कॅलेंडरच्या खिळ्याची भोकं, नळाचा वायसर झिजणं, ही झीज. मुलाने भिंतभर मारलेले क्रेयॉनचे फराटे, तडा गेलेलं बेसिन, जड वस्तू पडून फुटलेली फरशी, हे नुकसान. झिजेचा खर्च घरमालकाचा, नुकसानीचा भाडेकरूचा. आपल्या उदाहरणात बेसिनला तडा गेला होता. प्लंबरने नवं बसवण्याचे १,८०० सांगितले. ते भाडेकरूंनी मान्य केले. वीज ७२० आणि बेसिन १,८०० वजा जाता ७५,००० मधून ७२,४८० परत यायला हवेत.

पण समजा काकांनी २८ तारखेला लिहिलं, "रंगकामाचे अठरा हजार कापून घेईन, सगळीकडे असंच चालतं." अशा वेळी आधी करारात रंगकामाचं कलम आहे का ते पाहायचं. "घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल" असं लिहून तुम्ही त्यावर सही केली असेल, तर ती कपात मोडून काढणं फार अवघड. तसं कलम नसेल तर शांतपणे एवढंच विचारा: कोणत्या खोलीत कोणतं नुकसान झालं आहे आणि रंगाऱ्याचं लेखी अंदाजपत्रक कुठे आहे? अकरा महिन्यांत साधी मळलेली भिंत नुकसानीत धरता येत नाही, हे सोबत घरातले फोटो जोडून लिहा. इथे तडजोडीला जागा असते. मुलाच्या खोलीतली एक भिंत खरंच खराब झाली असेल, तर तेवढ्या भिंतीचा खर्च देऊ करणं न्याय्य आहे, आणि त्याने उरलेल्या रकमेची तारीखही मोकळी होते. वाद फक्त रंगाचा असेल तर निर्विवाद रक्कम तरी ३१ तारखेला द्या, अशी मागणी करा. सगळे ७५,००० एका भिंतीसाठी अडकवून ठेवायला काही आधार नाही.

उत्तर आलंच नाही तर

५ जुलै उलटली आणि उत्तर नाही. घाबरू नका आणि नवा ईमेलही सुरू करू नका. त्याच ईमेलच्या साखळीत दोन ओळी लिहा: "२६ जूनच्या नोटिशीला उत्तर मिळाले नाही. नोटीस मिळाली असून ३१ जुलैचा ताबा व डिपॉझिट परत या दोन्ही गोष्टी ठरल्याप्रमाणे होतील असे आम्ही समजतो." फोन जरूर करा, पण फोन झाल्यावर "आत्ता बोलल्याप्रमाणे आपण ७ ऑगस्टला रक्कम देणार आहात" हे लगेच ईमेलवर उतरवा. नंतर न्यायालयात जायची वेळ आली तर हीच साखळी कामाला येते. म्हणून मूळ ईमेल खात्यातून काढून टाकू नका. नुसते स्क्रीनशॉट ठेवून भागत नाही, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा मांडताना त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्याला मूळ नोंद असलेली बरी.

ताबा दिला आणि पैसे आलेच नाहीत, तर पुढचा ईमेल जरा कडक असू द्या. त्यात देय रक्कम, मान्य केलेली कपात, पंधरा दिवसांची अंतिम तारीख, आणि त्या तारखेनंतर व्याजाची मागणी करू हे स्पष्ट लिहा. डिपॉझिट बिनव्याजी असतं ते घरात राहण्याच्या काळापुरतं. देय होऊनही अडवलेल्या रकमेवर न्यायालय व्याज देऊ शकतं, आणि व्याज अधिनियम, १९७८ मध्ये व्याज मागत असल्याच्या लेखी सूचनेला महत्त्व आहे. तेवढ्यानेही हललं नाही तर वकिलाची नोटीस. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याचा अर्ज करता येतो. घरमालक बोलायला तयार असतील तर हा मार्ग स्वस्त पडतो. पोलिसांकडे गेलात तर ते साधारणपणे हा दिवाणी वाद असल्याचं सांगून परत पाठवतात. पैशाच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, त्यामुळे "बघू पुढे" करत वर्षं घालवू नका.

केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा बरेच जण अशा ईमेलमध्ये टाकतात. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित ठेवलं आहे आणि ताबा घेताना ते परत करायला सांगितलं आहे. पण तो राज्याने स्वीकारल्यावरच लागू होणारा नमुना आहे. महाराष्ट्रातल्या घरमालकाला त्याचा हवाला दिलात तर त्यांचा वकील तो एका वाक्यात बाजूला सारेल. तुमच्याच करारातलं "जागा सोडताना परत" हे कलम त्यापेक्षा जास्त वजनदार आहे, तेच पुढे करा.

ताब्याच्या दिवशी

३१ जुलैला चाव्या देताना साध्या कागदावर ताबापावती करा. फ्लॅटचा पत्ता, तारीख आणि वेळ, किती चाव्या दिल्या, वीज मीटरचं रीडिंग, ठरलेली कपात, परत मिळालेली किंवा मिळायची रक्कम आणि तिची तारीख. दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन फोटो काढा आणि तो त्याच ईमेलच्या साखळीत पाठवून द्या. काका नाशिकहून येऊ शकत नसतील आणि शेजाऱ्यांकडे किंवा सोसायटीच्या ऑफिसात चाव्या ठेवायला सांगत असतील, तर "चाव्या अमुक व्यक्तीकडे द्या" हे त्यांच्याकडून आधी लेखी घ्या. चाव्या चुकीच्या हाती गेल्या तर ताबा दिलाच नाही, असं म्हणायला वाव राहतो.

काही घरमालक पैसे देण्याआधीच "पूर्ण हिशेब मिटला, काही येणे नाही" अशा कागदावर सही मागतात. सामानाचा टेम्पो खाली उभा असतो, मूल कंटाळलेलं असतं, आणि माणूस सही करून टाकतो. ती करू नका. फार तर "घराचा ताबा दिला, ७२,४८० रुपये येणे बाकी" एवढंच लिहा. रक्कम खात्यात दिसली, किंवा चेक दिला असेल तर तो वटला, की मग त्याच साखळीत "पूर्ण रक्कम मिळाली, आता काही येणे नाही" असा शेवटचा ईमेल घरमालकांना पाठवा.